शनिवार पेठेतली ३० बाय २५ची गच्ची: काय करता येईल?

ओवी_शनिवार | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमची शनिवार पेठेत तीन मजली इमारत आहे. जुना वाडा पाडून १९८९ साली बांधलेली, आरसीसी. एकेका मजल्यावर एकेक भाऊ, म्हणजे सासरे आणि दोन चुलत सासरे. गच्ची तिघांची मिळून, साधारण ३० बाय २५ फूट. सध्या तिथे दोन टाक्या, कपड्यांच्या दोऱ्या, एक मोडका कूलर आणि कबुतरं.

मी, जाऊबाई आणि सासूबाई मिळून काहीतरी करायचं म्हणतोय. खाली गाळा भाड्याने घ्यायचा विचार केला होता, पण कोपऱ्यावरच्या दहा बाय आठच्या गाळ्याचं भाडं ऐकून परत आलो. गच्ची फुकट आहे, मग तिथेच काही होईल का? भांडवल दीड लाखाच्या वर नाही. तिघीही स्वयंपाकात बऱ्या आहोत, झाडांची आवड फक्त सासूबाईंना.

---

विक्रांत_फायदा

एवढ्या मध्यवर्ती जागी गच्ची असेल तर एकच धंदा. वर पत्रे टाका, दिवे सोडा, संध्याकाळी चहा-मिसळ-कॉफी. पेठेत पोरांची वसतिगृहं आहेत, गिऱ्हाईक शोधायला जावं लागणार नाही.

---

कोबा_काका

विक्रांतराव, जिना किती रुंद आहे ते आधी विचारा. पेठेतल्या अशा इमारतीचा जिना तीन-साडेतीन फुटांचा असतो, आणि वर जायचा-यायचा तोच एक रस्ता. त्यावरून तीस माणसं वर न्यायची आणि वर गॅस पेटवायचा? डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली, ती विसरू नका. शिवाय खालच्या दोन मजल्यांवर दोन काका राहतात. रात्री अकरा वाजता गिऱ्हाइकं त्यांच्या दारावरून उतरणार.

ओवीताई, मी ३४ वर्षं स्ट्रक्चरल कामं केली, आता निवृत्त आहे. काय करायचं ते नंतर ठरवा. आधी दोन गोष्टी सांगा. गच्चीच्या दाराचा उंबरा आतल्या बाजूने किती उंच आहे आणि बाहेरच्या बाजूने किती? आणि पावसाचं पाणी जातं त्या पाइपांची तोंडं पूर्ण उघडी दिसतात की अर्धी कोब्यात बुडालीत?

---

रानभाज्या

भाजीपाला लावा! आम्ही कोथरूडला २० अर्ध्या ड्रममध्ये वांगी, मिरची, पालक, अळू घेतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली, तिथे आंबे-चिकूसुद्धा लागले. म्हणजे गच्चीला वजन झेपतं.

हिशोबही सोपा आहे. गच्ची चौरस मीटरला दीडशे किलो धरून डिझाइन करतात. तुमची गच्ची ७० चौरस मीटर. म्हणजे साडेदहा टन! आमचे २० ड्रम मिळून तीन टन सुद्धा होत नसतील.

---

ओवी_शनिवार

काका, आत्ताच वर जाऊन आले. आतून एक पायरी चढून मग उंबरा लागतो, बाहेर मात्र उंबरा जेमतेम दोन इंच वर आहे. पाण्याच्या दोन तोंडांपैकी एक जवळजवळ अर्धं बुजलंय. सासरे म्हणतात, २००४ला गळती झाली तेव्हा जुना कोबा न काढता त्यावरच नवीन टाकला.

---

कोबा_काका

तेच विचारायचं होतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा चार इंच जाडीचा धरला तर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो होतो. डिझाइन करताना एक थर धरलेला असतो. तुमच्याकडे दोन आहेत. म्हणजे माणसांच्या आणि सामानाच्या वापरासाठी जे दीडशे किलो ठेवले होते, ते दुसऱ्या कोब्याने कधीच खाऊन टाकले. इमारत उभी आहे, कारण डिझाइनमध्ये सुरक्षेसाठी जास्तीची ताकद धरलेली असते. पण ती ताकद धंद्यासाठी खर्च करायची नसते.

रानभाज्या, तुमचं निम्मं बरोबर आहे. दीडशेचा आकडा खरा. पण तो सगळीकडे सारखं पसरलेल्या वजनाचा आहे, एकूण टनांची बँक नव्हे. अर्ध्या ड्रममध्ये शंभर लिटर माती बसते आणि पाणी घातल्यावर ती दीडशे-एकशे साठ किलो भरते. ड्रमचा तळ पाव चौरस मीटर. म्हणजे तेवढ्या जागेवर चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर. आणि २० ड्रम म्हणजे तीन टनांच्या वरच, कमी नाही. हे ड्रम खोलीच्या मध्यावर ओळीने ठेवले तर खालच्या छताला मधोमध बारीक चीर दिसायला लागते. भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवले तर चालून जातं. तुमचे कठड्याला लागून असतील, म्हणून निभावलंय.

---

रानभाज्या

कठड्यालाच लागून आहेत. :) पण मी निम्मी माती आणि निम्मा कोकोपीट वापरते हो, एवढं वजन होत नाही.

---

कोबा_काका

मग बरंच कमी होईल. तरी एकदा भरपूर पाणी घालून बाथरूमच्या काट्यावर एक कुंडी तोलून बघा. कोरडी तोलू नका.

ओवीताई, तुमच्या गच्चीवर माती नको, नवीन टाकी नको, विटांचं काहीही नको. आणि स्लॅबला भोक पाडून काही बसवू नका, दोन कोब्यांच्या मध्ये पाणी शिरलं तर ते कुठे निघेल याचा पत्ता लागत नाही. हलकं, उचलून ठेवता येईल असंच काहीतरी शोधा. तिसऱ्या मजल्याच्या छताला आतून सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा फुगलेलं प्लास्टर असेल तर तेही आधी एखाद्या जाणकार माणसाला दाखवा.

---

गिरगाव_चाळकर

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्याने गच्चीला कुलूप लावलंय. म्हणतो बिल्डरने मला विकली. त्याच्यावर काय कारवाई करता येईल? कोणाला अनुभव?

---

मीटर_उलटा

चाळकर, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाल. सोसायटीची गच्ची सगळ्यांची सामाईक असते, पण तुमचे कागद बघितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

ओवी, मी सोलरचं काम करतो त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. एक किलोवॉटला शंभर चौरस फूट लागतात आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट मिळतात. घरगुती ३ किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान आहे. तीनशे फुटांत महिन्याला साडेतीनशे युनिट. पॅनेलचं वजन चौरस मीटरला १०-१५ किलो, काकाही नाही म्हणणार नाहीत. धंदा म्हणू नका, पण पैसा घरातच राहतो आणि कोणाला राबावं लागत नाही.

---

कोबा_काका

पॅनेलच्या वजनाला ना नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून पायाला जे काँक्रीटचे ठोकळे ठेवता त्यांचं वजनही सांगत जा.

---

सुषमा_साखरपेठ

मी सोलापूरची. साखर पेठेत आमचं दुमजली घर आहे, गच्ची तुमच्याहून लहान. २०१६ पासून वर सोलर ड्रायर चालवते. एकाने सुरू केलं, आता तीन आहेत. काकांनी जी अट घातली ना, हलकं आणि उचलता येणारं, ती वाळवणालाच लागू पडते. गच्चीवर फुकट मिळतं ते ऊन आणि वारा. जागा त्या मानाने कमीच असते. साडेसातशे फुटांतून टाक्या, जिन्याची खोली, दोऱ्या आणि चालायची वाट वजा केली की तुमच्याकडे तीनशे-साडेतीनशेच उरेल.

एक साधा आडाखा सांगते. माझ्या ड्रायरला काच एक चौरस मीटर असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड ते दोन किलो पाणी उडतं. एप्रिलमध्ये थोडं जास्त, डिसेंबरात कमी. विकणारा यापेक्षा जास्त सांगत असेल तर त्याच्या गच्चीवर जाऊन दिवसभर बसा. आता मेथीच्या पानांत दहा किलोला जवळजवळ पावणेनऊ किलो पाणी असतं. म्हणजे दोन मीटर काचेच्या ड्रायरला दहा किलो पानं तीन दिवस खाणार. हा हिशोब आधी करा, मग ड्रायरची किंमत विचारा.

पण सगळ्यात आधी दक्षिणेला बघा. तिकडे किती उंच इमारत आहे?

---

ओवी_शनिवार

सुषमाताई, दक्षिणेला एक पडका वाडा आहे, त्यापलीकडे पाच मजली. सध्या गच्चीवर साडेआठपासून चारपर्यंत ऊन असतं. पण त्या वाड्याचा पुनर्विकास होणार असं सगळे दहा वर्षं म्हणताहेत.

---

सुषमा_साखरपेठ

मग तो तुमचा खरा धोका. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. तुमच्या गच्चीहून दहा मीटर उंच इमारत झाली तर दुपारी बारालाच तिची सावली नऊ मीटर येणार. तुमची गच्ची दक्षिणोत्तर पंचवीस फूट असेल तर ती पूर्ण झाकली. सकाळी दहाला तर त्याहून लांब. उन्हाळ्यात त्रास नाही, सूर्य डोक्यावर असतो. म्हणून म्हणते, बांधून टाकायचं काही करू नका. चाकांचा, उचलता येणारा ड्रायर घ्या. वाडा पडायला लागला की सामान विकून मोकळ्या.

---

वसईचा_दर्या

आमच्याकडे बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगून वाळवतात. उन्हावारा आहे तर सुकट-बोंबीलच करा. पेठेत मासे खाणारे आता कमी नाहीत, आणि सुक्या मासळीला भाव बघा काय आहे!

---

ओवी_शनिवार

दर्यादादा, खालच्या मजल्यावरचे मोठे काका कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत. गच्चीवर बोंबील टांगला तर आधी मला टांगतील.

---

रानभाज्या

हाहाहा! पण वासाचा मुद्दा खरा आहे. लसूण-कांदा वाळवला तरी दोन दिवस वास जात नाही. आमच्या शेजारणीने लसूण पसरला होता तेव्हा अख्ख्या इमारतीच्या कपड्यांना वास.

---

ओवी_शनिवार | २३ फेब्रुवारी

मंडळी, केलं सुरू! तिन्ही सासऱ्यांकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की गच्चीचा अमुक भाग आम्ही वापरणार, कपड्यांच्या दोऱ्या आहेत तिथेच राहणार, आणि कोणाचीही हरकत आली तर महिन्यात सामान हलवणार. एफएसएसएआयची छोट्या उद्योगाची नोंदणी झाली, ती ऑनलाइन करता आली.

ड्रायर इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला, दोन चौरस मीटर काच, आत सहा जाळ्या, ३८ हजार. पाय कोब्यावर नुसते टेकवलेत, प्रत्येक पायापाशी वाळूची एक गोणी. दुकानात दाखवतात तसले मोठे पॉलिकार्बोनेटचे तंबूही बघितले, पण महापालिका त्याला बांधकाम म्हणेल की सामान, हे कोणीच नक्की सांगेना. म्हणून छोटाच घेतला.

पहिली खेप मेथी. मार्केट यार्डातून १६ किलो जुड्या ३०० रुपयांना. निवडून पानं निघाली साडेसात किलो. दोन दिवसांत वाळली, भरली ९६० ग्रॅम. रंग हिरवागार! आधी आम्ही गच्चीवर उघड्यावर वाळवायचो ती पिवळट व्हायची. शंभर ग्रॅमची नऊ पाकिटं ७० रुपयांनी ओळखीत गेली. फार आनंद झालाय.

---

सुषमा_साखरपेठ

अभिनंदन! हिरवा रंग राहिला कारण तुमच्या ड्रायरमध्ये पानांवर थेट ऊन पडत नाही, गरम हवाच लागते. पण एक विचारते, निवडायला किती वेळ लागला?

---

ओवी_शनिवार

तिघी मिळून अडीच तास. टीव्ही बघत बघत.

---

सुषमा_साखरपेठ

टीव्ही बाजूला ठेवा आणि मांडा. ६३० आले. ३०० मेथी, पाकिटं-लेबलं ७०-७५. उरले अडीचशे-पावणेतीनशे. निवडायचेच साडेसात तास झाले तिघींचे, धुणं, पसरणं, पाकिटं भरणं सोडून. तासाला ३५ रुपये. धुणीभांडीवाल्या मावशींना आपण याहून जास्त देतो.

मीसुद्धा पहिलं वर्ष मेथीत घालवलं. मेथीत फक्त पाणी काढून टाकतो आपण, आणि ते कारखान्यातलं मोठं मशीन आपल्याहून स्वस्तात काढतं. तुमच्या हातात असं काय आहे जे मशीनला जमत नाही? तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

---

मीटर_उलटा

म्हणजे कुरडया-पापड-सांडगे? ते तर सगळेच करतात.

---

सुषमा_साखरपेठ

सगळ्यांच्या आज्या करायच्या. आता विकत घेतात सगळे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून शिजवायचा, सोऱ्यातून घालायच्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बाईला हे कुठून जमणार? आणि घालायला गच्चीच नाही. तुमचं गिऱ्हाईक तीच.

---

विक्रांत_फायदा

एवढं करण्यापेक्षा कांद्याचं पीठ करून हॉटेलांना द्या. महिन्याला टनात जातं ते.

---

सुषमा_साखरपेठ

विक्रांतभाऊ, एक किलो सुका कांदा करायला आठ-दहा किलो ओला लागतो. टनभर सुक्याला आठ-दहा टन कांदा जिन्याने वर चढवायचा, आणि त्यातलं सात-नऊ टन पाणी सहा जाळ्यांत वाळवायचं. काकांनी ऐकलं तर वर येऊ देणार नाहीत.

---

ओवी_शनिवार | २ एप्रिल

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला, त्या सुषमाताईंवर खूश आहेत. मग कुरडया सुरू केल्या. ५ किलो गव्हाच्या अडीच किलो झाल्या. ५५० रुपये किलोने सगळ्या गेल्या, त्यातल्या एक किलो जाऊबाईंच्या ऑफिसातच. गहू, गॅस, पाकिटं मिळून ३१० गेले. आम्हा तिघींचे मिळून नऊ तास. म्हणजे तासाला ११८ की!

पण दुसऱ्या घाण्यात घोळ झाला. चाळीसेक कुरडया तडकल्या, हातात घेतल्या की तुकडे. आणि तिसऱ्या घाण्यातल्या वरून कडकडीत होत्या, पण बारा दिवसांनी डब्याच्या तळाशी काळे ठिपके. गिऱ्हाइकाला पैसे परत दिले. ऊन तर भरपूर होतं, मग कुठे चुकलं?

---

सुषमा_साखरपेठ

ऊन भरपूर होतं म्हणूनच चुकलं. ओल्या कुरडया सरळ ड्रायरमध्ये घातल्यात ना? आत तापमान किती होतं?

---

ओवी_शनिवार

हो, सकाळी घातल्या घातल्याच. दुपारी काटा ६२ दाखवत होता.

---

सुषमा_साखरपेठ

मेथीला पन्नास-पंचावन्न चालतं, पान पातळ असतं. कुरडईची तार जाड, आणि तारा एकमेकींवर चढलेल्या. फार गरम हवा लागली की वरचा पापुद्रा आधी आवळतो, आतलं पाणी अडकून पडतं. बारीक तारा असल्या तर ताण येऊन तडकतात, जाड असल्या तर आत ओल्या राहतात आणि डब्यात बुरशी येते. एकाच चुकीची दोन रूपं आहेत ही. जुन्या बायका कुरडया सकाळी कोवळ्या उन्हात घालायच्या, ते उगाच नाही.

माझी पद्धत सांगते. पहिला दिवस ड्रायरच्या बाहेर, जाळीच्या कापडाखाली, नाहीतर ड्रायरमध्येच पण दार अर्धं उघडं ठेवून, काटा ४५च्या वर जाऊ द्यायचा नाही. संध्याकाळी उलटायच्या. दुसऱ्या दिवशी दार लावून घ्यायचं. झाल्या की नाही हे कडकपणावरून ओळखू नका. घाण्यातली सगळ्यात जाड कुरडई मधोमध मोडा. मोड पांढरी आणि सारखी दिसली पाहिजे, मधे काचेसारखा किंवा पिवळट ठिपका दिसला तर आत ओल आहे. मग चार कुरडया काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून उन्हात तासभर ठेवा. आतून काचेवर जरासुद्धा वाफ धरली तर सगळा घाणा पुन्हा जाळीवर. आणि गरम असताना पाकिटं भरू नका.

---

रानभाज्या

बरणीची युक्ती मी मिरच्यांना करून बघितली, काम करते!

---

वसईचा_दर्या

आमच्या आजी बोंबील दोन बोटांत वाकवून बघायच्या. मधे वाकला तर अजून एक ऊन.

---

कोबा_काका

कबुतरांचं काय केलंत? एवढ्या मध्यवस्तीत गच्चीवर खाण्याचं उघडं ठेवायचं म्हणजे त्यांची पंगतच.

---

ओवी_शनिवार

बाहेर वाळवायच्या जागेवर कबुतरांची जाळी ताणली, आणि त्याखाली मलमल. ड्रायरला हवा आत येते तिथे आधी मच्छरदाणीची बारीक जाळी लावली होती. चार दिवसांत धुळीने गच्च झाली आणि आतलं तापमान ७०च्या पुढे. आता दर आठवड्याला ती काढून धुते. पेठेतली धूळ काय असते ते त्या पाण्याच्या रंगावरून कळतं.

---

मीटर_उलटा

पॅनेलचंही तेच. पंधरा दिवस पुसलं नाही की वीज कमी.

---

ओवी_शनिवार | १९ मे

काल संध्याकाळी वळीव. साडेचारला आभाळ भरून आलं, आम्ही तिघीही खाली. वर पोचेपर्यंत वाऱ्याने ड्रायरचं झाकण उचलून कठड्यावर आपटलं. काच जाड प्लास्टिकची होती म्हणून फुटली नाही, पण बिजागऱ्या वाकल्या. झाकण रस्त्यावर गेलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने रात्रभर झोप नाही. वाळूच्या गोण्या पायांना होत्या, झाकणाला काहीच नव्हतं. बटाट्याचा कीस चार किलो भिजला.

---

कोबा_काका

सुटलात. तिसऱ्या मजल्यावर वारा खालच्यापेक्षा जोरात असतो आणि तो वरून दाबत नाही, खालून उचलतो. झाकणाला दोन्ही बाजूंनी कड्या लावा, आणि एक दोरी झाकणापासून ड्रायरच्या खालच्या चौकटीला कायमची बांधा, म्हणजे कडी सुटली तरी झाकण लोंबकळेल, उडणार नाही. दोरी नायलॉनची नको, उन्हात कुजते. पोलादी तार घ्या. ड्रायर कठड्यापासून निदान सहा फूट आत ठेवा. आणि मेमध्ये दुपारी तीननंतर गच्चीवर कोणीतरी असलंच पाहिजे.

---

सुषमा_साखरपेठ

आमच्याकडे २०१९ला एक उडाला होता, शेजारच्या गोठ्यात जाऊन पडला. म्हैस बचावली. काका म्हणतात तशी तार तेव्हापासून लावते.

---

विक्रांत_फायदा

मे संपत आला, आता चार महिने पाऊस. धंदा बंद? हाच तर मुद्दा आहे. वर्षातले आठ महिनेच चालणार असेल तर त्याला धंदा कसं म्हणायचं?

---

सुषमा_साखरपेठ

ह्या वेळी मात्र विक्रांतभाऊंचा मुद्दा बरोबर आहे. सोलापुरात पाऊस कमी, तरी जुलै-ऑगस्टात माझे तीनपैकी दोन ड्रायर झाकलेलेच असतात. काहीजणी आत विजेचा हीटर बसवतात. मी करून बघितलं. एक किलो पाणी उडवायला हीटरवर एक युनिटच्या वर जातं. कुरडईला झेपतं, भाजीला नाही. आणि ओल्या हवेत वाळलेला मालही पाकीट उघडं राहिलं की दोन दिवसांत नरम पडतो. मी पावसाळ्यात उन्हाळ्यातला साठा विकते आणि चटण्या करते, गच्चीला हात लावत नाही.

---

मीटर_उलटा

हीटरच्या वाटेला जाणार असाल तर आधी वीजबिलाचा वर्ग तपासून घ्या. आणि माझं म्हणणं अजून तेच, निम्म्या गच्चीवर पॅनेल लावा. उंच चौकटीवर लावली तर खाली सावली होते, तिथे तुमच्या मेथीला आणि मसाल्यांना जागा.

---

कोबा_काका

उंच चौकट म्हणजे वाऱ्याचं शीड. वळीव कालच येऊन गेलाय.

---

मीटर_उलटा

काका, नीट डिझाइन केली तर काही होत नाही. दोनशे कामं केलीत मी.

---

कोबा_काका

नीट डिझाइन केलीत तर. दोन कोब्यांच्या स्लॅबवर पाय कुठे टेकवणार, ते कागदावर काढून पाठवा, मग बोलू.

---

ओवी_शनिवार | २७ मे

तुमचं दोघांचं चालू द्या, मी वाचतेय. :) तार आणि कड्या लावल्या. आतापर्यंतचा हिशोब मांडला: ड्रायर धरून ५२ हजार घातले, विक्री ६१ हजार. यातून माल, गॅस, पाकिटं वजा जाता हातात २८ हजार आले, म्हणजे घातलेले अजून निम्मेच निघालेत. आमचे तास धरलेलेच नाहीत, ते धरले तर सासूबाई रागावतात. ४१ गिऱ्हाइकं झाली, त्यातल्या २६ जणींनी परत घेतलं.

आता घरात सतरा किलो कुरडया आणि सहा किलो सांडगे आहेत, पावसाळ्यात विकायला. सुषमाताई, हे सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवू की पाकिटं सील करूनच ठेवू? पाऊस दहा दिवसांवर आलाय आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची भिंत दरवर्षी ओल धरते.

---

सुषमा_साखरपेठ

सील करून, आणि ती पाकिटं डब्यात. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, जमिनीवर नको, पलंगाखाली तर अजिबात नको. भरायच्या आधी एक पूर्ण दिवस पुन्हा ऊन दाखवा आणि बरणी करा. दर पंधरा दिवसांनी एक पाकीट फोडून तळून बघा. तळल्यावर पूर्वीइतकी फुलली नाही तर मला लगेच कळवा.